फोटोखालची ओळ आणि तिचं घराणं

दांडियाच्या रात्री अकोल्यात किंवा अमरावतीत ऑफिसातल्या मैत्रिणी घोळक्याने उभ्या राहून फोटो काढतात. कुणाचा बांधणीचा घागरा, कुणाची आरसेकाम केलेली चोळी, एखादा सहकारी केडियू घालून मागे उभा. घरी पोचायच्या आत फोटो ग्रुपवर पडतो आणि खाली ओळ येते : ‘नवरात्री व्हाइब्स, ऑफिस गँग’. ही ओळ आजची वाटते, पण तिच्यामागे मोठा वंशवेल आहे.

सगळ्यात जुना पूर्वज म्हणजे स्टुडिओतला ग्रुप फोटो. शाळा, कचेरी, बँक, कुठलाही असो, त्याखालची ओळ ठरलेली असे : बसलेले, डावीकडून, उभे, डावीकडून, मग नावं, हुद्दे आणि साल. त्या ओळीत भावना नव्हती, पण तिच्यामुळे पन्नास वर्षांनी नातवाला आजी सापडते.

दुसरा पूर्वज वर्तमानपत्रातला. २००३-०४च्या सुमारास ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांचे फोटो मागवले. शाळा, दवाखाने, बँका, लोकलचे डबे, सगळीकडून फोटो येऊ लागले. खाली एवढंच असे : अमुक कार्यालयातील महिला कर्मचारी. व्यक्तींची नावं गळाली, कार्यालयाचं नाव उरलं. ‘ऑफिस गँग’ या शब्दांचं मूळ मला इथे दिसतं. नोकरीची जागा सणाच्या फोटोत मिरवायची ही रीत या फोटोंनी घट्ट केली.

या रंगांना शास्त्राचा आधार नाही, हे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनीही सांगितलं आहे. पण हे रंग ठरवण्याची एक पद्धत आहे. रंग वाराप्रमाणे ठरतो : रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा. सात वार संपले की उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा किंवा मोरपंखी असे रंग जोडतात. २०२४मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती. म्हणून पहिल्या माळेला पिवळा, पाचव्या माळेला, म्हणजे सोमवारी, पांढरा. पुढचा गुरुवार आठव्या माळेला आला, तेव्हा पिवळा पुन्हा न घेता गुलाबी घेतला.

त्यामुळे सगळ्याजणी एकाच रंगात असल्या, तर फोटोच आपला वार सांगतो. पांढऱ्या साड्या म्हणजे सोमवार, आणि साल माहीत असेल तर तारीखही काढता येते. दांडियाच्या फोटोत ही सोय नाही. तिथे सातही रंग एकाच रांगेत उभे असतात आणि दिवस कुठला, हे कापडावरून कळत नाही. ते काम खालच्या ओळीलाच करावं लागतं, आणि ‘व्हाइब्स’मध्ये ते होत नाही.

दांडियाचं मूळ गुजरातचं. कापसाच्या व्यापारामुळे वऱ्हाडात स्थायिक झालेली गुजराती कुटुंबं नवरात्रात गरबा खेळत आली आहेत. पण टिपऱ्यांचा खेळ वऱ्हाडाला नवा नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणत टिपऱ्या वाजवत आणि डब्यातला खाऊ ओळखायला लावत. त्या घोळक्यांचे फोटो फारसे निघाले नाहीत, निघाले तर मागे कुणी काही लिहिलं नाही. आज आपल्या आयांना विचारावं लागतं, ही फ्रॉकमधली कोण? याची मला मनापासून हळहळ वाटते.

ओळ लिहिताना आपल्याकडचं मोजमाप वापरावं : माळ. ‘सहावी माळ’ म्हटलं की अंबादेवीच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या अमरावतीकराला दिवस लगेच कळतो. पण नुसती माळ पुरत नाही. २०२५मध्ये तिथीची वृद्धी झाल्याने घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्र दहा दिवसांचं झालं. नऊ रंगांच्या यादीत तेव्हा एक दिवस जास्तीचा होता. म्हणून सोबत तारीख हवीच.

नावांचा क्रम फोटो बघून लावावा, आठवणीतून नाही. सेल्फी असेल तर काही फोनमध्ये डावं-उजवं उलटतं, ते आधी तपासावं. पाटीवरची किंवा पास अडकवला असेल तर त्यावरची अक्षरं उलटी दिसली, की फोटो उलटला आहे हे समजतं. मग ओळ अशी होते : ‘सहावी माळ, ८ ऑक्टोबर २०२४, अमरावती. लेखा शाखा. डावीकडून…’ आणि पुढे प्रत्येकीचं पूर्ण नाव. मनात आलेलं जे काही लाडिक लिहायचं असेल, ते त्याखाली लिहावं.