अतिरजःस्रावजन्य लोहन्यूनता

अतिरजःस्रावजन्य लोहन्यूनता म्हणजे मासिक पाळीत वारंवार प्रमाणाबाहेर रक्त गेल्यामुळे शरीरातील लोहाचा साठा घटणे होय. किशोरवयीन मुली व तरुण स्त्रिया यांच्यामधील रक्तक्षयाचे (अ‍ॅनिमियाचे) हे एक प्रमुख कारण आहे. या विकारात लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. उपचार सुरू झाल्यावर हा क्रम उलटतो. हिमोग्लोबिन आधी पूर्ववत होते आणि साठा सावकाश भरतो. त्यामुळे तपासणीत हिमोग्लोबिन पुरेसे आढळल्यानंतरही लोहाच्या गोळ्या साधारणतः तीन महिने चालू ठेवाव्यात, अशी शिफारस केली जाते.

## अतिरजःस्रावाची ओळख

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हालबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनंतर, ८० मिलिलिटरपेक्षा अधिक स्राव म्हणजे अतिरजःस्राव ही संशोधनातील मर्यादा रूढ झाली. व्यवहारात रक्त मोजणे शक्य नसते. त्यामुळे आज स्त्रीच्या दैनंदिन जीवनात अडथळा आणणारा स्राव तो अतिरजःस्राव, अशी व्याख्या मानली जाते.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री उठून पॅड बदलावे लागणे किंवा अंथरुणाला डाग पडणे, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणे आणि स्राव सात दिवसांहून अधिक चालणे या त्यांतील प्रमुख होत. अनेक घरांत आई व मावशी यांनाही असाच स्राव झालेला असतो. त्यामुळे तो ‘आमच्याकडे असेच असते’ म्हणून स्वाभाविक समजला जातो आणि वर्षानुवर्षे तपासला जात नाही.

## कारणे

पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बीजमोचन नियमित होत नाही. बीजमोचन न झाल्यास प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा प्रभाव मिळत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि नंतर अनियमितपणे व अधिक प्रमाणात गळून पडते. किशोरवयातील अतिस्रावाचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. थायरॉइड ग्रंथीचे विकार हे आणखी एक कारण होय.

पहिल्या पाळीपासूनच स्राव अतिशय असल्यास रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. त्यांतील व्हॉन विलेब्रांड रोग सर्वाधिक आढळतो. एरिक व्हॉन विलेब्रांड या फिनलंडमधील वैद्याने १९२६ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले. ऑलंड बेटांवरील ज्या मुलीमुळे त्यांचे या रोगाकडे लक्ष गेले, ती पुढे तेराव्या वर्षी चौथ्या पाळीतील रक्तस्रावाने मरण पावली. दात काढल्यावर रक्त न थांबणे, वारंवार घोळणा फुटणे, किरकोळ माराने अंगावर काळेनिळे डाग उठणे किंवा कुटुंबात असा इतिहास असणे या त्याच्या सूचक खुणा आहेत.

## साठा आणि हिमोग्लोबिन

शरीरातील बहुतेक लोह तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असते. उरलेल्या लोहाचा मोठा भाग यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत फेरिटिन या प्रथिनाच्या रूपाने साठवलेला असतो. रक्तातील फेरिटिनच्या पातळीवरून या साठ्याचा अंदाज येतो. निरोगी प्रौढ व्यक्तीत फेरिटिनचे दर लिटरला १ मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे ८ मिग्रॅ. साठवलेले लोह, असे स्थूल प्रमाण धरले जाते.

स्रावातून गेलेले लोह आहारातून भरून निघाले नाही, तर शरीर साठ्यातून लोह काढून हिमोग्लोबिन टिकवते. या काळात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या वर असते, परंतु थकवा, केस गळणे, अभ्यासात लक्ष न लागणे यांसारख्या तक्रारी असू शकतात. बर्फ, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा माती खाण्याची इच्छा होणे हे लोहन्यूनतेचे विशेष लक्षण आहे. साठा संपल्यानंतरच हिमोग्लोबिन उतरू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आणि फेरिटिन १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहन्यूनता समजली जाते. अनेक चिकित्सक फेरिटिनची मर्यादा ३० धरतात. ताप वा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन वाढते. त्यामुळे त्या काळातील पुरेसा दिसणारा आकडा फसवा असू शकतो.

## गोळ्यांची मात्रा

गोळीतील क्षाराचे वजन व तिच्यातील प्रत्यक्ष लोह यांत फरक असतो. फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅ. गोळीत सुमारे ६५ मिग्रॅ. लोह असते. मात्रा ठरवताना हा दुसरा आकडा पाहावा लागतो.

गोळी घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि सुमारे एक दिवस आतड्यातील लोहशोषण कमी करते. त्यामुळे दिवसातून दोन-तीन वेळा गोळ्या घेतल्याने लाभ त्या प्रमाणात वाढत नाही. मळमळ व बद्धकोष्ठता मात्र वाढते. दिवसातून एकदा एक गोळी पुरेशी मानली जाते आणि ती सोसत नसल्यास एक दिवसाआड दिली जाते. चहा, कॉफी, दूध व आम्लपित्तावरील औषधे यांमुळे शोषण घटते. म्हणून गोळी व चहा यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवतात. लिंबू, पेरू वा आवळा यांतील क जीवनसत्त्व शोषणास साहाय्य करते. गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळा होतो. हा अपाय नव्हे. लोहाच्या गोळ्यांची अतिमात्रा लहान मुलांना प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे त्या त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवणे आवश्यक असते.

## हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतर

उपचार लागू पडत असल्यास दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅमने आणि महिन्याभरात सुमारे २ ग्रॅमने वाढते. दोन-तीन महिन्यांत ते बहुधा पूर्ववत होते. थकवा त्याआधीच ओसरलेला असतो. नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या बंद होण्याचा संभव सर्वाधिक असतो.

या वेळी शोषलेले बहुतेक लोह नव्या तांबड्या पेशींत गेलेले असते आणि साठा जवळजवळ रिकामाच असतो. ब्रिटिश जठरांत्रविज्ञान संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावर साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने उपचार चालू ठेवावेत. तीन महिने ही सरासरी आहे. स्राव तसाच अधिक असल्यास याहून अधिक काळ लागतो. म्हणून शेवटी फेरिटिन तपासून निर्णय घेणे अधिक योग्य ठरते. अनेक चिकित्सक ते ५० च्या आसपास येईपर्यंत गोळ्या देतात.

शाळांतून मिळणारी साप्ताहिक निळी गोळी (६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) प्रतिबंधासाठी असते. रिकामा साठा भरून काढण्यास ती पुरत नाही.

## हिशेबाचे उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून त्यातील आकडे स्थूल आहेत. एका एकोणीस वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या विद्यार्थिनीचे हिमोग्लोबिन ९ ग्रॅम व फेरिटिन ६ आहे. तिला दर पाळीत सुमारे १०० मिलिलिटर स्राव होतो.

तिच्या शरीरात सुमारे सव्वातीन लिटर रक्त असते. हिमोग्लोबिन ९ वरून १३ वर आणण्यासाठी सुमारे १३० ग्रॅम नवे हिमोग्लोबिन लागते. प्रत्येक ग्रॅममध्ये ३.४ मिग्रॅ. लोह असते, म्हणजे सुमारे ४४० मिग्रॅ. लोह हवे. फेरिटिन ६ वरून ५० वर नेण्यासाठी आणखी सुमारे ३५० मिग्रॅ. लागते.

रोजच्या ६० मिग्रॅ. लोहापैकी सुरुवातीला १५ टक्के, म्हणजे ९ मिग्रॅ. शोषले जाते असे धरल्यास आठ आठवड्यांत सुमारे ५०० मिग्रॅ. लोह मिळते. त्यातून दोन पाळ्यांत गेलेले सुमारे ७० मिग्रॅ. वजा करता ४३० उरते आणि हिमोग्लोबिन १३ च्या जवळ येते. रक्तक्षय भरून आल्यावर शोषणाचा वेगही मंदावतो. रोज ५ मिग्रॅ. शोषण धरल्यास महिन्याला १५० मिग्रॅ. मिळते. आता रक्तातच हिमोग्लोबिन अधिक असल्यामुळे तेवढ्याच स्रावातून सुमारे ४४ मिग्रॅ. लोह जाते. साठ्यात सुमारे १०५ पडते. तीन महिन्यांत ३१५ मिग्रॅ. जमा होऊन फेरिटिन ४५ च्या आसपास पोहोचते.

तिने दुसऱ्या महिन्याअखेरीस गोळ्या थांबवल्या, तर काय होते? आहारातील लोहापैकी नेहमीची झीज भागवून महिन्याला २५ मिग्रॅ. उरते असे मानले, तरी पाळीत जाणाऱ्या ४४ मिग्रॅ. पुढे सुमारे २० मिग्रॅ. तूट राहते. साठा नसल्याने ती थेट हिमोग्लोबिनमधून भरली जाते आणि पाच-सहा महिन्यांत ते १ ग्रॅमने उतरते. म्हणजे वर्षभरात ती पुन्हा १२ च्या खाली येते. साठा भरल्यानंतर गोळ्या थांबवल्यास तीच तूट साठ्यातून वर्षभराहून अधिक काळ भागते. स्राव निम्म्यावर आणल्यास मात्र तूटच उरत नाही.

## स्रावावरील उपचार

केवळ गोळ्या देऊन स्राव तसाच ठेवल्यास लोहन्यूनता परतते. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घेतले जाणारे ट्रॅनेक्झामिक आम्ल स्राव सुमारे ४० ते ५० टक्के कमी करते. ज्यांना पूर्वी रक्ताच्या गुठळ्या होऊन रक्तवाहिनी बंद झालेली असेल त्यांना ते दिले जात नाही. संप्रेरकांच्या गोळ्या व लेव्होनॉर्जेस्ट्रेल स्रवणारे गर्भाशयातील साधन हे अन्य पर्याय आहेत. रक्तस्रावाचा विकार असल्यास अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळली जातात.

## उपचारास प्रतिसाद न मिळणे

चार आठवड्यांनंतरही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर प्रथम गोळ्या नियमित व चहापासून दूर घेतल्या जातात का, हे पाहिले जाते. त्यानंतर सीलिअ‍ॅक रोगासारखा शोषणातील दोष किंवा अन्य मार्गाने होणारा रक्तस्राव शोधला जातो. तांबड्या पेशी लहान पण फेरिटिन पुरेसे असल्यास थॅलेसेमियाच्या वाहक अवस्थेची तपासणी करतात. या अवस्थेत लोहाची कमतरता नसताना गोळ्या चालू ठेवल्याने लाभ होत नाही. गोळ्या अजिबात सोसत नसल्यास किंवा लागू पडत नसल्यास शिरेतून लोह देता येते.

उपचार संपल्यानंतर हिमोग्लोबिन व फेरिटिन यांची सुरुवातीला साधारणतः दर सहा महिन्यांनी फेरतपासणी केली जाते. फेरिटिन पुन्हा ३० च्या खाली गेल्यास, हिमोग्लोबिन उतरण्याची वाट न पाहता गोळ्या पुन्हा सुरू करतात आणि स्रावावरील उपचाराचा फेरविचार करतात.