सिग्नलवर युजरनेम : क्रमांक न देता संपर्क

अनोळखी व्यक्तीला संदेश पाठवण्याची मुभा द्यायची, पण दूरध्वनी क्रमांक हाती पडू द्यायचा नाही, ही सोय सिग्नल या संदेशवहन ॲपने फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेमच्या रूपाने आणली. मात्र सिग्नलवर खाते उघडण्यासाठी दूरध्वनी क्रमांक आजही लागतोच; तो केवळ समोरच्याच्या नजरेआड राहतो.

समजा, इंदूरमधील एका शिक्षिकेला गणिताच्या शिकवणीची जाहिरात भिंतीवर लावायची आहे. सेटिंग्जमध्ये स्वतःच्या प्रोफाइलवर जाऊन त्या `ganitvarg_indore.47` असे युजरनेम घेतात. नाव रोमन अक्षरांत लिहावे लागते, देवनागरी चालत नाही. शेवटी किमान दोन अंक असावे लागतात. जाहिरातीवर हे नाव किंवा त्याचा क्यूआर कोड छापला की पालकांना थेट संदेश पाठवता येतो. टेलिग्रामवर युजरनेम शोधयादीत सापडते. सिग्नलवर तशी यादीच नाही. अंकांसह अचूक नाव माहीत असेल, तरच संपर्क होतो. त्यामुळे छपाईत ४७ चे ७४ झाले, तर पालकाचा संदेश पोहोचणार नाही किंवा भलत्याच व्यक्तीकडे जाईल.

खरी गफलत होते ती पुढच्या टप्प्यावर. गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये दूरध्वनी क्रमांकाविषयी दोन स्वतंत्र पर्याय आहेत. क्रमांक कोणाला दिसावा, हा पहिला. तो मुळातच ‘कोणालाही नाही’ असा असतो. क्रमांकावरून आपल्याला कोणी शोधावे, हा दुसरा. तो मात्र ‘सर्वांना’ असा खुला असतो. तो बंद केला नाही, तर ज्याच्याकडे क्रमांक आधीच आहे, त्याला संबंधित व्यक्ती सिग्नलवर असल्याचे कळते आणि संदेशही पाठवता येतो. बंद केल्यावर ते खाते त्याला सापडत नाही. ज्यांच्या फोनमध्ये शिक्षिकेचा क्रमांक पूर्वीच जतन केलेला आहे, त्यांच्यापासून तो लपवण्याचा मात्र कोणताही उपाय या सोयीत नाही.

युजरनेम म्हणजे प्रोफाइलवरील नाव नव्हे. शिक्षिकेने पालकाला उत्तर दिले की त्याला प्रोफाइलचे नाव आणि छायाचित्र दिसते. तेथे पूर्ण नाव असेल, तर क्रमांक झाकूनही ओळख उघड होते. जाहिरात लावण्यापूर्वी हे नाव तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रवेशाचा हंगाम संपला की युजरनेम बदलता किंवा काढून टाकता येते. सुरू असलेली संभाषणे त्याने तुटत नाहीत. भिंतीवर राहिलेला जुना कागद मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचवत नाही. याला कायदेशीर बाजूही आहे. वापरात असलेले अचूक युजरनेम तपास यंत्रणेने कायदेशीर मार्गाने सादर केले, तर सिग्नल ते संबंधित खात्याशी जोडू शकते. बदललेले किंवा काढून टाकलेले नाव खात्याशी जोडता येत नाही, असे कंपनीने स्पष्ट केले आहे.