पंपाच्या जुन्या केबलमधील तांबे : सोलणे आणि जाळणे

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुका एका बाजूला अक्कलकोटला, तर दुसऱ्या बाजूला उमरग्याला लागून आहे. काळ्या पाषाणाच्या या पठारावर तुरीला आणि उसाला पाणी मिळते ते बहुतांशी बोअरचे. प्रत्येक बोअरमध्ये पाणबुडी पंप आणि त्याला शंभर-दीडशे मीटरची चपटी तीन गाभ्यांची केबल असते. गोव्यातील कुळागरांतही हीच केबल वापरात आहे. काही वर्षांनी तिचे आवरण चिरते, पाणी आत शिरते, मोटर जळते आणि केबल भंगारात जाते. तिच्यातील तांबे मोकळे करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात सुरी लागते, दुसऱ्यात काडेपेटी. दुसरा मार्ग सोपा वाटतो, म्हणूनच त्याचा हिशेब नीट मांडून पाहायला हवा.

चार चौरस मिलिमीटर गाभ्याची शंभर मीटर केबल घेऊ. तीन गाभ्यांतील तांब्याचे वजन पावणेअकरा किलोच्या आसपास भरते. त्यावरील आवरण पीव्हीसीचे असून त्याचेही वजन साधारण दहा किलो असते. पीव्हीसीच्या मूळ द्रव्यात वजनाने निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. केबलच्या आवरणात मऊपणासाठी तेलकट द्रव्य आणि भर म्हणून खडूची पूड मिसळलेली असते, त्यामुळे मूळ द्रव्य साधारण निम्मे उरते. तरीही या दहा किलोंत पावणेतीन किलोंच्या आसपास क्लोरीन राहतोच.

आवरण दोनशे-अडीचशे अंशांपलीकडे तापले की ज्वाळा दिसण्याआधीच हा क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने सुटू लागतो. ओलाव्याशी मिसळताच त्याचे आम्ल होते, आणि हा ओलावा डोळ्यांत, नाकात व घशात मिळतो. काही भाग खडूत अडकतो. तरी दोन किलो वायू हवेत गेला असे धरू. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात या वायूची कमाल मर्यादा हवेच्या घनमीटरमागे सात मिलिग्रॅम होती. दोन किलो वायू त्या मर्यादेपर्यंत विरळ व्हायला पावणेतीन लाख घनमीटरांहून अधिक हवा लागेल. जाळणारा माणूस मात्र काठीने तारा उलटत हातभर अंतरावर बसलेला असतो. वारा पडलेल्या संध्याकाळी धूर जमिनीलगतच राहतो.

घसा खवखवणे, डोळे चुरचुरणे, खोकला ही लगेच जाणवणारी लक्षणे होत. त्याहून धोक्याची गोष्ट अशी, की अधिक मात्रेत फुप्फुसांत पाणी साचण्याची क्रिया काही तासांनी सुरू होऊ शकते. तेव्हा संध्याकाळी बरे वाटले म्हणून प्रश्न मिटत नाही. धूर अंगावर आल्यास वाऱ्याच्या उलट दिशेला मोकळ्या हवेत जावे आणि डोळे भरपूर पाण्याने धुवावेत. रात्री दम लागू लागल्यास रुग्णालय गाठून कशाचा धूर घेतला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जळत्या केबलच्या ज्वाळेत हिरवट-निळी झाक दिसते. मुलांना ती गंमत वाटते, पण खरे तर ती सूचना आहे. क्लोरीनचा तांब्याशी संयोग होऊन तयार झालेली संयुगे ज्वाळेला तो रंग देतात. हीच संयुगे पुढच्या एका क्रियेला चालना देतात. धूर आणि राख साधारण अडीचशे ते साडेचारशे अंशांच्या दरम्यान असताना उरलेला कोळसा व क्लोरीन यांपासून डायॉक्सिन गटाची विषे घडतात. तांबे नसते तर ती इतकी घडली नसती. म्हणूनच सततच्या विघटनरोधी प्रदूषकांविषयीच्या २००१ च्या स्टॉकहोम करारात तांब्याच्या केबल धुमसत जाळणे हा डायॉक्सिनचा एक स्रोत म्हणून नावानिशी नोंदला आहे. भारताने हा करार २००६ मध्ये स्वीकारला.

डायॉक्सिनला घशात झोंबणारा वास नाही. ते राखेसह बांधावर, कडब्यावर बसते, तिथून जनावराच्या पोटात आणि मग दुधातील स्निग्धांशात उतरते. राख उकरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ते जाते. माणसाच्या चरबीत शिरलेल्या या विषाचे प्रमाण निम्मे व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात. जुन्या आवरणांत टिकाऊपणासाठी शिशाची संयुगे घालत असत. ते शिसे राखेत राहते. अंगणात केबल जाळली तर धूर निघून गेला तरी राख तिथेच उरते.

एवढे करून मिळणाऱ्या तांब्याचे काय? या केबलचा गाभा एकसंध नसून ०.३ मिलिमीटर जाडीच्या ५६ बारीक तारांचा असतो. आगीत प्रत्येक तारेचा पृष्ठभाग काळा पडतो, तार ठिसूळ होते आणि काही भाग पापुद्र्यासारखा गळून राखेत जातो. सोललेल्या लखलखीत तांब्याला भंगाराच्या बाजारात वरचा भाव मिळतो, जळक्याला कमी. शिवाय शेतातून चोरलेल्या केबलची ओळख पुसण्याचा सोपा उपाय म्हणजे ती जाळणे, त्यामुळे सावध दुकानदार जळकी तार पाहताच चौकशी करतो.

सोलण्याचे काम चपट्या केबलच्या बाबतीत वाटते तितके किचकट नाही. प्रथम केबल स्टार्टरपासून पूर्ण सुटी झाल्याची खात्री करावी आणि तिचे मीटरभर लांबीचे तुकडे करावेत. दोन गाभ्यांमधील खाचेतून सुरी चालवली की बाहेरचे आवरण उकलते आणि तीन रंगांच्या तारा मोकळ्या होतात. सुरी नेहमी अंगापासून दूर ओढावी. उन्हात तासभर ठेवलेले पीव्हीसी मऊ पडते, म्हणून हे काम दुपारी सोपे जाते. प्रत्येक तार सोलण्यासाठी हाताने फिरवायचे यंत्र मिळते. त्यात दोन चाकांमधून तार सरकते आणि गोल पाते आवरणाला लांबट चीर देते. पात्याची खोली आधी वीतभर तुकड्यावर जुळवून पाहावी. चिरेत तांब्याचा चुरा दिसला तर पाते खोल गेले आहे आणि आवरण ताणूनही फाटत नसेल तर ते उथळ आहे. हातमोजे व चष्मा घालावा. शिशाच्या शक्यतेमुळे जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, आणि मुलांना या कामाला बसवू नये.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. मोबाइल चार्जरसारख्या केसाएवढ्या तारा हाताने सोलणे परवडत नाही. त्या बारीक तुकडे करून जड तांबे आणि हलके प्लास्टिक वेगळे करणाऱ्या यंत्रांकडेच जायला हव्यात. जळालेल्या मोटरच्या वेटोळ्यांत अनेकदा तारेवर लाखेसारखा पातळ लेप असतो, तो सुरीने निघत नाही. रिवाइंडिंगच्या दुकानांत असे वेटोळे छिन्नीने कापून बाहेर ओढतात. ते आहे तसेच विकावे, कारण लेप जाळण्याचे काम धूर शुद्ध करणाऱ्या परवानाधारक भट्टीचे आहे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत पीव्हीसी आवरणासह तांब्याच्या तारेचे भंगार परवान्याने पुनर्प्रक्रिया करावयाच्या वस्तूंच्या यादीत आहे. केबलवर एक्सएलपीई असे छापलेले असले तरी बाहेरचे आवरण बहुधा पीव्हीसीचेच असते, आणि कमी धुराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या एफआरएलएस तारांतही पीव्हीसी असते.