बरोबर पासवर्ड, चुकीची अक्षरं

आज आपण एका रोजच्या तक्रारीचा इतिहास पाहू. पासवर्ड तोंडपाठ असतो, बोटं नेमक्या कळांवर पडतात, आणि तरी पडद्यावर येतं: पासवर्ड चुकीचा आहे. आपण म्हणतो, यंत्र खोटं बोलतंय. पण ते खोटं बोलत नसतं. आपण कळा दाबतो आणि यंत्राला मिळतात अक्षरं. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो, तिथेच घोटाळा होतो.

सुरुवात टाइपरायटरपासून करू. 1878 च्या रेमिंग्टन नंबर 2 या यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एकाच कळेवर लहान-मोठी अशी दोन अक्षरं बसली. पुढे शिफ्ट दाबलेली ठेवायला लॉक आलं. ते चुकून अडकलं तर? काही बिघडत नसे, कारण पुढचंच अक्षर कागदावर मोठं उमटायचं. चूक डोळ्यांना दिसायची.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच संगणक अनेकजण वापरत, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. त्या काळी टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारं यंत्र. पासवर्ड छापला गेला तर तो कागद कुणीही वाचणार, म्हणून तेवढ्यापुरती छपाई बंद ठेवली जाई. आजचे काळे ठिपके याच कल्पनेचे वंशज. परक्याची नजर अडली, पण आपलीही अडली.

दुसरा पडदा युनिक्समध्ये पडला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 साली तो सविस्तर मांडला. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही. गणिती प्रक्रियेतून त्याचं असं रूप साठवायचं की उलट वाटेने मूळ पासवर्ड काढता येऊ नये. एक अक्षर बदललं तरी रूप पार बदलतं. त्यामुळे ‘फक्त कॅप्स लॉक चालू राहिलंय’ हे पलीकडच्या यंत्राला त्या रूपावरून ओळखता येत नाही. जुळलं किंवा नाही जुळलं, एवढंच ते सांगू शकतं.

म्हणजे चूक आता आपल्यालाही दिसेना आणि यंत्रालाही. 1981 च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर तर कॅप्स लॉकचा दिवासुद्धा नव्हता. तो 1984 च्या एटी मॉडेलबरोबर आला.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची प्रमाण मांडणी आहे. समजा, एकाने इनस्क्रिप्ट चालू असतानाच नवा पासवर्ड ठरवला. मनात आहे mango. पण m च्या कळेवर स, a वर ओकाराची मात्रा, n वर ल, g वर उकार, o वर द. यंत्राला मिळालं ‘सोलुद’. तिकडे पाच अक्षरं, इकडेही पाच चिन्हं, त्यामुळे ठिपके पाहून शंका येत नाही. पासवर्ड दोनदा लिहायला सांगतात ना? दोन्ही वेळा ‘सोलुद’च गेलं, म्हणून तेही जुळलं. काही ठिकाणी फक्त इंग्रजी अक्षरं चालतात, तिथे हे लगेच अडलं असतं. इथे नाही अडलं.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड इंग्रजीवर आहे. mango लिहिलं, नाकारलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाकारलं. चार-पाच प्रयत्नांत खातं काही काळ बंदही होऊ शकतं. इथे उपाय पासवर्ड आठवण्याचा नाहीच. कीबोर्ड मराठीवर न्यायचा आणि त्याच पाच कळा दाबायच्या, दार उघडतं. मग आत जाऊन, कीबोर्ड इंग्रजीवर आणून, पासवर्ड नव्याने ठरवायचा.

तिसरा प्रकार नवा आहे, ब्राउझरने आपण होऊन पासवर्ड भरण्याचा. आपण पासवर्ड फोनवर बदलला, पण घरच्या संगणकाच्या ब्राउझरला जुनाच माहीत आहे. तो जुना भरतो आणि दिसतात तेच ठिपके. खूण अशी की आपण एकही कळ दाबण्याआधी चौकट भरलेली असते. ती पूर्ण रिकामी करून स्वतः लिहावं, आणि आत गेल्यावर ब्राउझर विचारेल तेव्हा जुन्याच्या जागी नवा ठेवू द्यावा.

2017 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की लिहिलेला पासवर्ड पाहण्याची सोय वापरणाऱ्याला द्यावी. चौकटीच्या कडेला डोळ्याचं चित्र असतं, ती हीच सोय. आजूबाजूला कुणी नसेल तर दुसऱ्या प्रयत्नाआधी ते दाबावं. मोठी अक्षरं दिसली तर कॅप्स लॉक, ‘सोलुद’ दिसलं तर भाषा, जुना पासवर्ड दिसला तर ब्राउझर. आणि सगळं बरोबर दिसूनही नाकारलं, तरच पासवर्ड विसरल्याचं बटण दाबावं.