वरणभाताच्या जोडीची कुळकथा

चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने इथल्या न्याहारीची नोंद करून ठेवली आहे. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्यावर तूप घालतात आणि रोज सकाळी खातात. याला म्हणतात ‘किशरी’. खिचडी तेव्हाही रोजच्या ताटातली होती. तांदळाला डाळीची जोड नेमकी कशासाठी लागते, हे मात्र कळलं विसाव्या शतकात, अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमधल्या उंदरांमुळे.

न्यू हेवन इथे थॉमस ऑस्बर्न बियांमधली प्रथिनं एकेक करून शुद्ध करत होते. येल विद्यापीठातले लाफायेट मेंडेल आणि ते अशी प्रथिनं उंदरांना खाऊ घालत. १९१४मध्ये त्यांनी दाखवून दिलं की गव्हातलं ग्लायडिन हेच एकमेव प्रथिन मिळालेली पिल्लं जगतात, पण वाढत नाहीत. त्याच खाण्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल मिसळलं की ती वाढू लागतात. प्रथिन भरपूर असूनही पिल्लं खुजी राहत होती, ती त्यातल्या एका घटकाच्या कमतरतेमुळे. तांदूळ, गहू, ज्वारी या तृणधान्यांची उणीव प्रामुख्याने हीच: लायसिन कमी.

कडधान्यांची उणीव त्यानंतर सापडली. १९२०मध्ये जॉन्स आणि फिंक्स यांनी घेवड्याच्या बियांमधल्या प्रथिनांवर उंदीर वाढवून पाहिले. त्यांची वाढ नीट होईना. खाण्यात सिस्टिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल घातलं, तेव्हा ती झाली. त्याचंच भावंड असलेलं मेथिओनिन तोवर कोणाला ठाऊकच नव्हतं. ते १९२२मध्ये सापडलं. पुढे १९३७मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम रोझ यांच्या गटाने स्पष्ट केलं की शरीराला आहारातून मिळायलाच हवं ते मेथिओनिन. सिस्टिन शरीर त्यापासून बनवू शकतं.

शरीर प्रथिन बांधतं ते अबोली आणि मोगरा ठरल्या क्रमाने गुंफलेल्या वेणीसारखं. अबोली संपली की उरलेल्या मोगऱ्याने वेणी पुढे सरकत नाही. शिवाय वापरात न आलेली अमिनो आम्लं शरीर पुढच्यासाठी फारशी साठवून ठेवत नाही. त्यांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि उरलेला भाग ऊर्जेसाठी जळतो.

आता उष्टावणानंतर वरणभातावर आलेल्या दीड वर्षाच्या बाळाचा हिशोब मांडून पाहू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालानुसार या वयात खाण्यातल्या दर ग्रॅम प्रथिनात ५७ मिलिग्रॅम लायसिन हवं आणि मेथिओनिन व सिस्टिन मिळून २७. तांदळाच्या प्रथिनात लायसिन साधारण ३७ असतं, म्हणजे गरजेच्या ६५ टक्के. गंधकयुक्त आम्लं मात्र ४३च्या आसपास, गरजेपेक्षा बरीच जास्त. तूरडाळीत नेमकं उलटं: लायसिन ७०, पण गंधकयुक्त आम्लं जेमतेम २०, म्हणजे ७४ टक्के. नुसता भात किंवा नुसती डाळ, दोन्हींचं प्रथिन अपुरंच.

७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम तूरडाळ घेतली तर तांदळातून सुमारे ६ ग्रॅम आणि डाळीतून साडेपाच ग्रॅम प्रथिन येतं. या मिश्रणात दर ग्रॅम प्रथिनामागे लायसिन ५३ आणि गंधकयुक्त आम्लं ३२ भरतात. लायसिनच्या गरजेची भरपाई ६५ टक्क्यांवरून ९३वर जाते आणि दुसरी उणीव उरतच नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही धान्य आणि डाळ ३:१ प्रमाणात घ्यायला सांगते. डाळीचं प्रथिन थोडं कमी पचत असल्याने प्रत्यक्षातला आकडा याहून जरा खाली राहतो, आणि म्हणूनच डाळ पूर्ण शिजणं महत्त्वाचं. कच्च्या डाळीतली पचनाला अडवणारी द्रव्यं उष्णतेने बऱ्याच अंशी नाहीशी होतात.

हा फायदा हातचा जातो तो वरण पातळ झालं की. तेवढ्याच तांदळाला १० ग्रॅम डाळ घातली तर लायसिन ४६वर घसरतं, म्हणजे गरजेच्या ८० टक्के. बाळाच्या वाटीत वरचं पिवळं पाणीच आलं आणि डाळ पातेल्याच्या तळाशी राहिली, तर भात जवळजवळ एकटाच उरतो.

या इतिहासात एक गैरसमजही रुजला. फ्रान्सिस मूर लापे यांच्या १९७१च्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’ या पुस्तकामुळे अशा जोड्या प्रत्येक जेवणात एकत्रच हव्यात, असं अनेकांना वाटू लागलं. लापे यांनी १९८१च्या आवृत्तीत तो आग्रह मागे घेतला. १९९४मध्ये व्हर्नन यंग आणि पीटर पेलेट यांनीही तशी गरज नसल्याचं मांडलं, कारण स्नायूंमध्ये मोकळ्या लायसिनचा थोडा साठा असतो आणि तो काही तास पुरतो. मोठ्या माणसाने सकाळी आमटी आणि रात्री भात खाल्ला तरी दिवसाचा हिशोब जुळतो. दिवसभरात डाळ किती खाल्ली, हे मात्र पाहायलाच हवं.