जुन्या कॉम्प्युटरवर जड अ‍ॅनिमेशन एडिट करताना प्रॉक्सी फाईल्सचा वापर कसा करावा?

टाइमलाइनवर प्ले दाबले की अ‍ॅनिमेशन अडखळते, आवाज मात्र पुढे जातो. असे का होते?

4K व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये 3840×2160 म्हणजे जवळपास 83 लाख पिक्सेल असतात. सेकंदाला 25 फ्रेम्स दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमसाठी कॉम्प्युटरला फक्त 40 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याला दोन कामे करायची असतात. आधी फाईलमधली फ्रेम उलगडायची, मग तिच्यावर इफेक्ट आणि थर चढवून चित्र तयार करायचे. यातले कोणते काम जड जाते आहे, त्यावर उपाय ठरतो.

ते ओळखणे सोपे आहे. कोणताही इफेक्ट न लावलेली एकच क्लिप चालवून पाहा. तीही अडखळत असेल, तर फाईलच जड आहे आणि तिला प्रॉक्सी हवी. ती नीट चालते, पण चार थर एकत्र आल्यावर अडखळते, तर प्रिव्ह्यूचे रिझोल्यूशन कमी करा.

केडेनलाइव्ह या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे असे करता येते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी सुरू करा. मग क्लिपवर राइट क्लिक करून `Proxy Clip` निवडा. सॉफ्टवेअर त्या क्लिपची लहान प्रत बनवते आणि एडिटिंगसाठी तीच वापरते. मूळ फाईलला धक्का लागत नाही. प्रत 640×360 ची असेल, तर पिक्सेल 36 पटीने कमी होतात. प्रत बनायला वेळ लागतो, म्हणून हे काम एडिटिंगच्या आधी उरकून घ्या. प्रिव्ह्यूसाठी प्रोजेक्ट मॉनिटरच्या मेनूत `Preview Resolution` मध्ये 360p निवडा. हा बदल लगेच लागू होतो.

अ‍ॅनिमेशनमध्ये एक अडचण हमखास येते. पात्राची क्लिप पारदर्शक पार्श्वभूमीची असते, पण H.264 प्रकारच्या प्रॉक्सीत पारदर्शकता साठवली जात नाही. त्यामुळे पात्रामागे अचानक काळा चौकोन दिसतो. मूळ फाईल बिघडलेली नसते. त्या क्लिपची प्रॉक्सी बंद केल्यावर चौकोन गेला, तर कारण हेच. अशी क्लिप मूळच ठेवा आणि फक्त मागच्या जड दृश्याची प्रॉक्सी करा.

लहान प्रतीवर बारीक रेषा आणि छोटी अक्षरे धूसर दिसतात. त्यामुळे रंग किंवा अक्षरांचा अंतिम निर्णय घेताना प्रॉक्सी थोडा वेळ बंद करा.

शेवटी रेंडर करताना `Render using proxy clips` हा पर्याय बंद आहे ना, ते पाहा. तो चालू राहिला, तर फाईल 4K ची बनेल, पण चित्र 360p मधून ताणलेले असेल. आणि मूळ फाईल्स डिलीट करू नका. प्रॉक्सी पुन्हा बनवता येते, पण ती मूळ फाईलवरूनच.