जलशुद्धीकरण यंत्राची घरगुती नळजोडणी (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

स्वयंपाकघरातील जलशुद्धीकरण यंत्राला पाणी आणून देणारी, यंत्रापर्यंत त्याचा दाब मर्यादेत ठेवणारी आणि आरओ प्रकारच्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी वाहून नेणारी जोडणी. यंत्र भिंतीवर टांगण्याचे काम अर्ध्या तासात आटोपते. ते किती वर्षे नीट चालेल आणि खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल उतरेल की नाही, हे मात्र बहुतांशी या जोडणीवर ठरते.

पाण्याचा उगम व लाइनची निवड : पिंपरी-चिंचवड शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध केले जाते. नंतरच्या काळात आंद्रा धरणाचे पाणीही इंद्रायणीवरील निघोजे बंधाऱ्यातून चिखलीच्या केंद्रात येऊ लागले. मावळातल्या या धरणांचे पाणी मृदू असून त्यातील विद्राव्य क्षार, म्हणजे टीडीएस, कमी असतात. मात्र नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पुरवठा आहे. मोशी, चिखली, पुनावळे, रावेत अशा वेगाने वाढलेल्या भागांतील सोसायट्या उरलेली गरज बोअरवेल आणि टँकरवर भागवतात, आणि बोअरचे पाणी बरेचदा जड असते.

त्यामुळे अनेक नव्या इमारतींत दोन स्वतंत्र लाइन असतात. पिण्याच्या पाण्याची लाइन महापालिकेच्या पाण्याच्या टाकीतून येते, तर वापरायच्या पाण्याच्या लाइनमध्ये बोअर किंवा टँकरचे पाणी असते. सिंकवर दोन नळ शेजारी-शेजारी असतात आणि घाईत आलेला मेकॅनिक जो हाताला सोपा पडतो त्यावर टी बसवतो. जोडणीतली ही सर्वांत महाग चूक आहे, कारण त्यापुढे मेंब्रेन क्षारांनी वेळेआधी चोंदते. कोणता नळ कोणत्या लाइनचा हे टीडीएस मीटरने मिनिटात कळते. दोन्ही नळांचे पाणी मोजावे, कमी आकडा पिण्याच्या लाइनचा. दोन्ही आकडे सारखे आले तर डक्टमधला पिण्याच्या लाइनचा कॉक बंद करून कोणता नळ थांबतो ते पाहावे. सोलरच्या गरम पाण्याच्या लाइनवर टी कधीही बसवू नये. घरगुती मेंब्रेनची तापमानाची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस असते आणि उन्हाळ्याच्या दुपारी सोलरचे पाणी ती सहज ओलांडते.

पिण्याच्या लाइनचा टीडीएस वर्षभर कमीच राहत असेल तर आरओची गरजच नसते. यूव्ही किंवा यूएफ यंत्र पुरते आणि रिजेक्टच्या नळीचा प्रश्नच उरत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जोडणीपूर्वी मोजलेला आकडा याच्याशी ताडून पाहावा.

इनलेट टी : नळ आणि भिंतीतला सॉकेट यांच्यामध्ये बसणारा, अर्धा इंची आट्यांचा पितळी किंवा स्टीलचा तिहेरी जोड. त्याच्या तिसऱ्या तोंडाला छोटा बॉल व्हॉल्व्ह असतो आणि तेथून पाव इंची नळी यंत्राकडे जाते. बसवताना लाइनचा कॉक बंद करून नळ काढतात, जुनी टेफ्लॉन टेप आट्यांतून पूर्ण काढतात आणि नवी टेप आटे घट्ट होण्याच्या दिशेने आठ-दहा वेढे गुंडाळतात. उलट दिशेने गुंडाळलेली टेप जोड फिरवताना गोळा होऊन बाहेर येते आणि आठवड्याभरात थेंब दिसू लागतो.

भिंतीतला पाइप सीपीव्हीसीचा असेल तर पान्हा जपून चालवावा. अशा पाइपच्या टोकाला पितळी आट्यांचा सॉकेट प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो. जादा जोर दिल्यास प्लास्टिकला टाइलच्या आत तडा जातो. गळती बाहेर दिसत नाही, महिन्याभराने पलीकडच्या भिंतीला फुगवटे येतात. हाताने बसेल तितके बसवून पान्ह्याने एक-दीड फेरा एवढे पुरते.

नळी धारदार कटरने काटकोनात कापावी आणि पुश फिटिंगमध्ये आतल्या रबरी रिंगच्या पलीकडे टेकेपर्यंत दाबून क्लिप लावावी. तिरकी कापलेली नळी वरवर घट्ट वाटते, पण दाब वाढताच सटकते. सिंकखालच्या ट्रॉलीमागून नळी नेली तर ट्रॉली ढकलताना ती चेपते आणि तिथे उंदरांनाही ती सापडते. ओट्याच्या वरून, डोळ्यांसमोर नेलेली नळी दिसायला बरी नसली तरी अधिक सुरक्षित असते.

दाबाच्या मर्यादा : प्लंबर दाब किलोत सांगतात. एक किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, साधारण दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. घरगुती आरओ यंत्रे बहुधा ०.३ किलो ते २ किंवा ३ किलोपर्यंतच्या दाबासाठी बनवलेली असतात. नेमका आकडा यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असतो.

मोशीतील बारा मजली इमारतीचे उदाहरण घेऊ. गच्चीवरच्या टाकीचा तळ गच्चीपासून दोन मीटर वर, मजल्याची उंची तीन मीटर आणि नळ फरशीपासून एक मीटरवर. बाराव्या मजल्यावर नळापासून टाकीच्या तळापर्यंत चार मीटर अंतर, म्हणजे ०.४ किलो दाब. यंत्र जेमतेम चालते. दुसरा मजला त्याच्या दहा मजले खाली, म्हणजे आणखी तीस मीटर. तिथे दाब ३.४ किलो होतो. एकाच इमारतीत, एकाच कंपनीचे तेच मॉडेल वर अर्धपोटी आणि खाली मर्यादेबाहेर चालत असते. डक्टमध्ये काही मजल्यांनंतर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवलेला असेल तर खालचा दाब आटोक्यात राहतो. पण त्याची जाळी चोंदते, आतली सील झिजते आणि बिघाड कुणाच्या लक्षात येत नाही. उलट वरच्या मजल्यांसाठी हायड्रोन्यूमॅटिक पंप बसवला असेल तर तिथेही दाब जास्त निघू शकतो. म्हणून मजल्यावरून अंदाज बांधू नये, गेज लावून मोजावे.

मोजण्याची वेळही महत्त्वाची. सकाळी आठला सगळी इमारत पाणी वापरत असताना वाहत्या पाण्याचा दाब घर्षणात खर्च होतो आणि गेज कमी दाखवतो. रात्री नळ बंद असताना पूर्ण दाब जोडांवर उभा असतो. म्हणूनच प्रीफिल्टरचा बाऊल तडकणे किंवा नळी निसटणे हे प्रकार बहुधा रात्री किंवा पहाटे घडतात. नळी बराच दाब सोसते, कच्चे दुवे म्हणजे बाऊल आणि जोड. रात्रीचे वाचन यंत्राच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर टी आणि प्रीफिल्टर यांच्यामध्ये पीआरव्ही बसवून तो दीड किलोवर लावावा आणि सर्व नळ बंद ठेवून पुन्हा वाचन घ्यावे. प्रीफिल्टरच्या पुढे बसवलेला पीआरव्ही बाऊलला वाचवत नाही.

चाकण पट्ट्यात अडचण उलटी आहे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथे कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांवर प्लास्टिकची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते. एकमजली बांधकामात एक मीटर उंच टाकी भरलेली असताना नळाशी जेमतेम तीन मीटरचा स्तंभ मिळतो आणि टाकी रिकामी होत आली की दोनच मीटर उरतो, म्हणजे ०.२ किलो. यंत्रातला कमी दाबाचा स्विच पंप बंद करतो. भरल्या टाकीवर चालणारे आणि संध्याकाळी थांबणारे यंत्र बिघडलेले नसते. अशा वेळी काही मेकॅनिक तो स्विच काढून तारा थेट जोडून देतात. यंत्र सुरू होते, पण पुढे पाणी नसतानाही पंप कोरडा फिरतो आणि जळतो. टाकीखाली दीड मीटरचा स्टँड केला तर तेवढ्याने दाब ०.३५ किलोच्या खाली येत नाही. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या लाइनला थेट मोटर लावून दाब वाढवणे हा उपाय नव्हे. ते बेकायदा आहे, आणि ओढ बसल्यावर फुटक्या जोडांतून बाहेरची घाण लाइनमध्ये शिरते.

दिवसाआड पुरवठ्याचा परिणामही इथेच दिसतो. पाणी येते तेव्हा लाइनमधली हवा आणि गाळ आधी येतो. टाकी हा गाळ खाली बसू देते, म्हणून टी टाकीवरून आलेल्या लाइनवरच असावा. पुरवठा सुरू झाल्यावर यंत्राचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी नळ दोन मिनिटे सोडून द्यावा.

रिजेक्टची नळी : आरओ मेंब्रेन आलेल्या पाण्याचे दोन भाग करते. क्षार मागे राहिलेला भाग प्रवाहरोधकातून, म्हणजे एफआरमधून, रिजेक्टच्या नळीत जातो. ताशी पंधरा लिटर देणाऱ्या यंत्रात शुद्ध पाणी मिनिटाला २५० मिलिलिटर निघते. एफआर ४५० मिलिलिटरचा असेल तर एकूण ७०० पैकी २५०, म्हणजे सुमारे ३६ टक्के पाणी पिण्यास मिळते. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० आणि शुद्ध पाण्याचा ८० असेल, तर रिजेक्टचा १२०० भरतो. हे पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालते. कुंड्यांना रोज घातल्यास मातीत क्षार साचतात.

या नळीचे टोक नेहमी उघड्यावर, हवेत असावे. ते सिंकच्या ट्रॅपमध्ये खोचू नये. ट्रॅप तुंबला की सांडपाणी नळीच्या तोंडाशी येते आणि वास व जंतू यंत्राकडे सरकण्याची वाट मोकळी होते. सिंकच्या कडेला क्लिप लावून टोक पाण्याच्या पातळीपेक्षा किमान दोन बोटे वर ठेवावे. नळी ड्राय बाल्कनीत नेऊन बादलीत सोडली असेल तर टोक बादलीच्या काठाच्या वर बांधावे. नळीवर कॉक बसवू नये, ती कुठे मुडपू नये. रिजेक्ट अडला तर क्षार मेंब्रेनवरच जमतात आणि काही दिवसांतच शुद्ध पाण्याचा टीडीएस चढू लागतो. एफआर स्वतः चोंदला तरी हेच होते, आणि मोजपात्र धरून मिनिटाचा प्रवाह मोजल्यास ते लगेच कळते.

दुसरी तपासणी यंत्राची टाकी भरल्यावर करायची. पंप थांबल्यानंतर थोड्या वेळात रिजेक्टची धार पूर्ण बंद व्हायला हवी. ती चालूच राहिली तर सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा तो निकामी झाला आहे, आणि गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने पाणी वाहते आहे. मिनिटाला १०० मिलिलिटरची बारीक धारसुद्धा दिवसाला १४४ लिटर होते. घर बंद करून गावी जाताना टीवरचा छोटा व्हॉल्व्ह बंद करावा, नुसते बटण बंद करून नळीतला दाब जात नाही.